टाके पोटावर, मिटतं फुफ्फुस

हा लेख वाचताना पुढच्या पाचेक मिनिटांत तुम्ही एकदा मोठा श्वास घ्याल. तो ठरवून घेतलेला नसेल. नेहमीचा श्वास पुरता आत जायच्या आधीच त्यावर दुसरा श्वास चढेल, छाती एरवीच्या दुप्पट फुगेल आणि मग हवा सावकाश बाहेर पडेल. असे उसासे आपण तासाला साधारण बारा वेळा टाकतो आणि त्यातला एकही बहुधा आपल्या लक्षात येत नाही. दुःख, प्रेम, वीजबिल यांचा त्यांच्याशी फारसा संबंध नसतो. 2016 साली स्टॅनफर्ड आणि लॉस अँजेलिसमधल्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूच्या मुळाशी हे काम करणाऱ्या जेमतेम दोनशे चेतापेशी शोधून काढल्या. त्यांच्याकडे येणारे रासायनिक संदेश अडवले तर उंदराचा श्वास चालूच राहतो, फक्त उसासे थांबतात.

मेंदूने एवढ्यासाठी वेगळी यंत्रणा का राखून ठेवली असेल? त्याचं उत्तर फुफ्फुसाच्या घडणीत आहे.

आपल्या दोन फुफ्फुसांत मिळून पन्नास कोटींच्या आसपास वायुकोश असतात. प्रत्येकाचा व्यास मिलिमीटरच्या एकपंचमांश. त्यांची आतली बाजू ओली असते, कारण पेशी जिवंत राहायच्या तर त्यांना ओलावा हवाच. पण पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात. त्या पृष्ठताणामुळे वायुकोश सतत आत खेचला जातो आणि तो जितका लहान होईल, तितका मिटण्याचा जोर वाढत जातो. याला उतारा म्हणून वायुकोशाच्या भिंतीतल्या काही पेशी सर्फॅक्टंट नावाचा साबणासारखा द्रव पाझरतात. तो पाण्याची ही ओढ मोडतो. आणि त्या पेशींना तो सोडायला लावणारा सर्वांत जोरदार इशारा म्हणजे ताण. भिंत चांगली ताणली गेली की सर्फॅक्टंट बाहेर येतो. रोजचा अर्ध्या लिटरचा श्वास त्यासाठी पुरेसा नसतो, उसासा लागतो. शिवाय अधूनमधून जे वायुकोश मिटलेले असतात, तेही त्याच उसाशाने उघडतात.

एकदा मिटलेला वायुकोश पुन्हा उघडणं फार अवघड असतं. ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीची चिकटलेली तोंडं सुटी करायला जेवढं झटावं लागतं, तेवढं ती नुसती उघडी धरून ठेवायला लागत नाही. इथेही तसंच आहे. उघडा वायुकोश थोड्या दाबावर उघडा राहतो, पण मिटलेला उघडायचा तर कितीतरी जास्त दाब लागतो, आणि तोही काही सेकंद टिकवावा लागतो. यापुढचा सगळा मजकूर या एका गोष्टीवर उभा आहे.

फुफ्फुसाचा काही भाग असा मिटून बसतो, त्याला वैद्यकात अ‍ॅटेलेक्टेसिस म्हणतात. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर तो होतो, हे लंडनच्या विल्यम पाश्चर या डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच लिहून ठेवलं होतं. (लुई पाश्चर वेगळे.) घटसर्पाच्या रुग्णांमध्ये श्वासपटल लुळं पडलं की फुफ्फुसाचा खालचा भाग मिटतो, हे त्यांनी आधी पाहिलं होतं. मग पोट उघडलेल्या रुग्णांतही तेच दिसल्यावर त्यांचं बोट पुन्हा श्वासपटलाकडेच वळलं. त्यांचं म्हणणं किती नेमकं होतं, ते कळायला पुढे सत्तरेक वर्षं जावी लागली.

समजा, मिरजेतल्या एखाद्या रुग्णालयात बासष्ट वर्षांच्या एक काकू आहेत. पित्ताशयात खडे. शस्त्रक्रिया दुर्बिणीने सुरू झाली, पण पित्ताशय आजूबाजूला इतकं चिकटलेलं निघालं की सर्जनांना उजव्या बरगडीखाली लांब छेद घ्यावा लागला. सगळं सुरळीत पार पडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू पलंगावर निम्म्या आडव्या पडून आहेत. ताप नाही, रक्तदाब ठीक. श्वास मात्र मिनिटाला 26 आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा 91. शस्त्रक्रियेआधी तो 97 होता. फुफ्फुसांना कुणी हातही लावलेला नाही, मग हे कुठून आलं?

सुरुवात भुलीतच झाली. उताणं झोपलं की पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलतात आणि श्वास सोडल्यावर फुफ्फुसात जी हवा शिल्लक राहते, ती पाऊण ते एक लिटरने घटते. भुलीने स्नायू सैल पडले की आणखी जवळजवळ अर्धा लिटर जाते. पाठीकडचे वायुकोश वरच्या भागाच्या वजनाखाली मिटतात. 1980च्या दशकात स्वीडनमधल्या भूलतज्ज्ञांनी भूल दिलेल्या रुग्णांचे सीटी स्कॅन काढले, तेव्हा दहापैकी नऊ जणांच्या फुफ्फुसात पाठीच्या बाजूला ही मिटलेली पट्टी दिसली. त्यात भर पडते ती भुलीच्या वेळी दिल्या जाणाऱ्या जवळजवळ शुद्ध ऑक्सिजनची. साध्या हवेत चार पंचमांश नायट्रोजन असतो. रक्त तो फारसा शोषून घेत नाही, त्यामुळे तो वायुकोशात ठाण मांडून बसतो आणि त्याला उघडं ठेवतो. निरुपयोगी वाटणारा हा वायू आपल्या फुफ्फुसाचा टेकू आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा गंमत वाटली होती. त्याच्या जागी नुसता ऑक्सिजन भरला आणि वाटेतली बारीक श्वासनलिका मिटली, तर रक्त सगळा ऑक्सिजन पिऊन टाकतं आणि मागे काहीच उरत नाही.

भुलीत उसासेही नसतात. यंत्र ठरलेल्या मापाचा श्वास एकसारखा देत राहतं. 1963 साली भूलतज्ज्ञ बेंडिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा एकसुरी श्वासाने रक्तातला ऑक्सिजन हळूहळू उतरत जातो आणि मुद्दाम काही मोठे श्वास दिले की तो पुन्हा वर येतो.

भूल उतरल्यावर धडधाकट माणूस उठून बसतो, खोकतो, जांभई देतो आणि हे वायुकोश बहुतेक आपोआप उघडतात. काकूंच्या बाबतीत तसं होत नाही, कारण छेद नेमका अशा जागी आहे की प्रत्येक मोठ्या श्वासाला तो ताणला जातो. श्वासपटल खाली सरकायचं तर पोटाने पुढे यायला हवं. पोट पुढे आलं की टाके ओढले जातात. शरीर पहिल्या दोन-चार प्रयत्नांतच धडा शिकतं आणि पोटाचे स्नायू घट्ट आवळून धरतं. श्वास मग वरच्या छातीतच, उथळ, भराभर चालतो. खोकला येऊ लागला की काकू तो गिळतात. दुखणं थांबवायला दिलेलं मॉर्फिनच्या जातीचं औषध जास्त झालं, तर मेंदूतली उसाशांची यंत्रणाही मंदावते. म्हणजे दुखलं तरी पंचाईत, आणि दुखणं फार जोरात दाबलं तरी पंचाईत.

पण केवळ वेदना हेच कारण असतं, तर वेदना शमवून काम भागलं असतं. 1980च्या दशकात फ्रान्समधल्या डॉक्टरांनी पोटाच्या वरच्या भागाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना पाठीच्या कण्यालगत मॉर्फिनसारखं औषध दिलं. वेदना गेली, श्वासपटल मात्र सुस्तच राहिलं. नंतर तिथेच नसा बधिर करणारं औषध दिलं, तेव्हा ते हललं. याचा अर्थ असा लावला जातो की पोटातले अवयव हाताळले गेले की तिथल्या नसा मज्जारज्जूमार्गे एक निरोप पाठवतात आणि मेंदू श्वासपटलाला जाणारा हुकूमच कमी करतो. हे सगळं माणसाला दुखतंय की नाही याची वाट न पाहता घडतं. पाश्चर यांनी श्वासपटलावर ठेवलेलं बोट बरोबर होतं. म्हणूनच बेंबीच्या वरचा छेद फुफ्फुसाला जेवढा महागात पडतो, तेवढा बेंबीखालचा पडत नाही. वरच्या पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी माणसाची जास्तीत जास्त श्वास घेण्याची क्षमता जवळजवळ निम्म्यावर येते आणि ती पूर्ववत व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

उथळ श्वासाचं गणित मला नेहमी चकवतं. काकू आधी मिनिटाला 14 श्वास घेत होत्या, प्रत्येक 450 मिलिलिटरचा. आता 26, प्रत्येक 250चा. गुणाकार केला तर आधी 6.3 लिटर आणि आता 6.5 लिटर. वाटतं, उलट जास्तच हवा जातेय. पण नाकापासून बारीक नळ्यांपर्यंतच्या वाटेत दरवेळी सुमारे 150 मिलिलिटर हवा नुसतीच अडकून राहते. ती वायुकोशांपर्यंत पोहोचत नाही आणि तशीच परत येते. ती वजा करा. आधी वायुकोशांना दर मिनिटाला 4.2 लिटर हवा मिळत होती, आता 2.6 लिटर. बाकीची सगळी धाप वाटेतच खर्च होते.

शिवाय जे वायुकोश मिटलेत, त्यांच्याभोवतीचं रक्त वाहायचं थांबलेलं नाही. शरीर तिथल्या रक्तवाहिन्या आवळून रक्त दुसरीकडे वळवायचा प्रयत्न करतं, पण ते पुरतं साधत नाही. काही रक्त ऑक्सिजन न घेताच हृदयात परततं आणि चांगल्या रक्तात मिसळतं. ऑक्सिमीटरवरचा 91 हा त्या मिसळणीचा आकडा आहे. मास्कमधून ऑक्सिजन दिला तर तो थोडा वर चढेल. मात्र मिटलेल्या वायुकोशात मास्कची हवाही शिरत नाही, त्यामुळे दुखणं तिथेच राहतं. नर्सने पाठीवर स्टेथोस्कोप लावला तर तळाशी श्वासाचा आवाज क्षीण येईल. एक्स-रेत फुफ्फुसाच्या खालच्या भागात आडव्या पांढऱ्या रेघा दिसतील आणि उजवं श्वासपटल वर सरकलेलं असेल.

इथे एक जुनी समजूत बाजूला सारायला हवी. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दिवशी ताप आला की तो अ‍ॅटेलेक्टेसिसचा, असं डॉक्टरांच्या पिढ्यान् पिढ्या शिकत आल्या. 2011 साली याविषयीचे उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दोन्हींचा संबंध काही सापडला नाही. सुरुवातीचा ताप बहुधा शस्त्रक्रियेलाच शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. मिटलेल्या भागात कफ साचून जंतू वाढले, बेडके पिवळे-हिरवे पडू लागले, ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशीही टिकला, तर ते न्यूमोनियाचं लक्षण. आणि एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली, तर अ‍ॅटेलेक्टेसिस म्हणून थांबू नये. पायातली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेलेली असू शकते आणि तिथे मिनिटं मोलाची असतात.

मग उपाय काय? साठच्या दशकापर्यंत अनेक वॉर्डांत रुग्णांना फुंकायला लावत. दोन बाटल्या नळीने जोडलेल्या, फुंकून एकीतलं पाणी दुसरीत ढकलायचं. रुग्णाला व्यायाम झाल्यासारखं वाटे, नर्सलाही पाणी सरकलेलं दिसे. पण फुंकणं म्हणजे श्वास सोडणं, आणि जोराने सोडताना छातीतला दाब वाढून बारीक नळ्या उलट मिटायची शक्यता असते. रॉबर्ट बार्टलेट या अमेरिकन सर्जननी हा उफराटेपणा ओळखला. (नवजात बाळांसाठी कृत्रिम फुफ्फुसाचं यंत्र रुळवण्यातही पुढे त्यांचंच नाव मोठं झालं.) त्यांनी सहकाऱ्यांसह 1973 साली मांडलं की रुग्णाला जे हवंय ते जांभईसारखं काहीतरी: सावकाश, खोल आत ओढलेला आणि वर थोडा रोखून धरलेला श्वास. तो किती खोल गेला ते रुग्णाला डोळ्यांनी दिसावं, म्हणजे पुढच्या वेळी तो थोडा आणखी ओढेल. इन्सेन्टिव्ह स्पायरोमीटरचा जन्म या विचारातून झाला.

आपल्याकडे त्याचं तीन रंगीत बॉलचं रूप सर्वांत जास्त दिसतं. कोविडच्या काळात ते इतक्या घरांत पोचलं की आता ते ओळखीचं झालंय. तीन उभ्या नळ्या, प्रत्येकीत एक बॉल, आणि त्यांवर 600, 900, 1200 असे आकडे. हे आकडे हवेच्या वेगाचे आहेत, सेकंदाला इतके मिलिलिटर, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. पहिला बॉल वर गेला म्हणजे हवा सेकंदाला निदान 600 मिलिलिटर वेगाने आत येतेय. किती हवा आत गेली, ते काढायला वेगाला सेकंदांनी गुणावं लागतं.

काकूंच्या शेजारच्या पलंगावर अपेंडिक्सचा एक पोरगा आहे. तो जोरात हिसका मारून तिन्ही बॉल वर उडवतो आणि ते लगेच खाली पडतात. नातेवाईक टाळ्या वाजवतात. हिशेब करा: 1200 वेग, वेळ सेकंदाचा तिसरा हिस्सा, म्हणजे 400 मिलिलिटर. साध्या श्वासाहूनही कमी. काकूंनी फिजिओथेरपिस्टच्या सांगण्यावरून एकच बॉल वर नेला आणि तो दोन सेकंद तिथे टेकवून ठेवला, तर ते 1200 मिलिलिटर झाले. तिप्पट. शिवाय हवा सावकाश आली की ती फुफ्फुसाच्या तळाकडच्या, उशिरा भरणाऱ्या वायुकोशांतही शिरते. हिसक्याची हवा आधीच उघड्या असलेल्या भागात जाऊन थांबते.

"काकू, फुंकायचं नाही, ओढायचंय. स्ट्रॉने सरबत ओढतात तसं, पण हळू," फिजिओथेरपिस्ट सांगते. काकू आधी फुंकतात, कारण तोंडाला नळी लावली की बहुतेकांकडून तेच होतं. बॉल ढिम्म. मग जमतं. तिची रीत अशी: शक्य तितकं ताठ बसायचं, पलंगाचा डोक्याकडचा भाग वर. उशी पोटावर, छेदावर घट्ट दाबून धरायची. टाके आतून ताणले जातात तेव्हा बाहेरून मिळालेल्या आधाराने दुखणं बरंच कमी होतं. नेहमीसारखा श्वास सोडायचा, ओठ नळीभोवती आवळायचे आणि संथपणे ओढत जायचं. आता आणखी ओढवत नाही असं वाटलं की तिथेच तीन ते पाच सेकंद थांबायचं. हे थांबणं सगळ्यांत महत्त्वाचं. उशिरा भरणारे वायुकोश तेवढ्यात भरतात, आणि उघडलेले वायुकोश सामाईक भिंतींमुळे शेजारच्या मिटलेल्यांना ओढून उघडतात. मग नळी काढून आरामात सोडायचं. प्रत्येक श्वासानंतर थोडी विश्रांती, नाहीतर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडून गरगरतं. असं दहा वेळा, जागेपणी दर तासाला. शेवटी उशी धरूनच एक-दोनदा खोकायचं, म्हणजे सुटलेला कफ वर येतो.

दहा वेळा, दर तासाला. सुरुवातीला सांगितलेल्या त्या तासाच्या बारा उसाशांच्या किती जवळ हा आकडा येतो पाहा. आणि वेदनाशामक औषधाची वेळ या व्यायामाशी जुळवली नाही, तर काकू दोन श्वासांतच यंत्र बाजूला ठेवतील. औषध दिल्यावर अर्ध्या तासाने बसवलं तर दहा पुरे करतील. तिसऱ्या दिवशी त्या दुसरा बॉलही टेकवू लागल्या, ऑक्सिमीटर 95वर आला आणि श्वास 18वर. मार्ग निघतो, तेव्हा तो असा निघतो.

प्रत्येकाचा निघतो असं मात्र नाही. 2014 साली कॉक्रेनच्या समीक्षेने वरच्या पोटाच्या शस्त्रक्रियांवरचे बारा अभ्यास, 1834 रुग्ण, एकत्र पाहिले. स्पायरोमीटरमुळे फुफ्फुसाचे त्रास कमी होतात असं काही त्यातून सिद्ध झालं नाही. अभ्यासांचा दर्जा मात्र कमीच होता. रुग्णांनी यंत्र खरोखर किती वेळा वापरलं, याची धड नोंद अशा अनेक अभ्यासांत सापडत नाही. शिवाय काही ठिकाणी त्याची तुलना यंत्राशिवाय शिकवलेल्या दीर्घ श्वासांशी होती. दोन्हींत फुफ्फुसाच्या दृष्टीने घडतं तेच, तेव्हा फरक दिसणार कसा? माझं मत असं की बॉल म्हणजे डोळ्यांपुढचा पुरावा. ज्याला त्याची गरज नाही, त्याने नुसता मोठा श्वास घेऊन रोखला तरी चालेल. जो गोंधळलेला आहे, झोपेत आहे किंवा ज्याला फार दुखतंय, त्याच्यासाठी बॉल कुचकामी. ऑक्सिजन फारच उतरला तर घट्ट मास्कमधून सतत दाब देणारं सीपॅप यंत्र लावून वायुकोश बाहेरून उघडे धरावे लागतात. आणि या सगळ्यांहून सोपं म्हणजे पलंगावरून उठणं. उभं राहिलं की पोटातले अवयव आपसूक खाली उतरतात आणि श्वासपटलाला जागा मिळते.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधला, 2018 साली प्रसिद्ध झालेला 441 रुग्णांचा एक प्रयोग मला यातला सर्वांत उपयोगी वाटतो. पोटाच्या वरच्या भागाच्या शस्त्रक्रियेआधी फिजिओथेरपिस्टने निम्म्या रुग्णांना फक्त अर्धा तास शिकवलं: शुद्धीवर आल्याबरोबर कसे श्वास घ्यायचे, आणि का. यंत्र नव्हतं. फुफ्फुसाचा त्रास झालेल्यांचं प्रमाण शंभरातल्या 27वरून 12वर आलं. भुलीतून उठलेला, टाक्यांनी अवघडलेला माणूस नवी गोष्ट शिकण्याच्या स्थितीत नसतो. तेव्हा शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल, तर काही शे रुपयांचं ते तीन बॉलचं यंत्र त्याआधीच आणावं, घरी बसून दुखण्याशिवाय त्याची सवय करावी आणि कितवा बॉल किती सेकंद टिकतो ते फाइलच्या पहिल्या पानावर लिहावं. शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्टला त्याच आकड्यापर्यंत परत न्यायचं असतं.